चंद्रपूरची स्वस्त वीज मुंबईत पोहोचेपर्यंत महाग का होते?

महाराष्ट्राचा नकाशा बघितला की विजेची एक अडचण लगेच लक्षात येते. कोळसा आहे पूर्वेला, चंद्रपूरकडं. विजेची मोठी मागणी आहे पश्चिमेला, मुंबई-पुण्याकडं. ही वीज आणायला चंद्रपूर ते पडघे अशी ७५२ किलोमीटरची खास एचव्हीडीसी लाईन टाकावी लागली.

आता समजा, एक वीज केंद्र कोळशाच्या खाणीशेजारी आहे आणि दुसरं शहराला लागून. खाणीजवळची वीज स्वस्त, शहराजवळची महाग. मग सगळी वीज खाणीजवळूनच का घ्यायची नाही? आणि दोन्हीकडून घ्यायची असेल तर कुणाकडून किती? या हिशोबाला इकॉनॉमिक डिस्पॅच म्हणतात.

सरासरी दर नाही, पुढच्या युनिटचा दर बघायचा

केंद्र चालू ठेवण्याचा काही खर्च ठरलेला असतो. वीज जास्त काढा किंवा कमी काढा, तो होणारच. त्यामुळं कुणाकडून किती वीज घ्यायची हे ठरवताना प्रश्न एकच असतो, अजून एक युनिट काढायला किती इंधन जळेल? या खर्चाला इन्क्रिमेंटल कॉस्ट, म्हणजे वाढीव खर्च म्हणतात. केंद्रावरचा भार वाढेल तसा हा खर्च साधारणपणे वाढत जातो.

हे समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. खाणीजवळच्या केंद्राचा वाढीव खर्च २ रुपयांपासून सुरू होतो आणि दर १०० मेगावॅटला ४० पैशांनी वाढतो. शहराजवळच्या केंद्राचा खर्च २ रुपये ४० पैशांपासून सुरू होतो आणि तोही दर १०० मेगावॅटला ४० पैशांनी वाढतो. शहराला हवेत ८०० मेगावॅट.

सोपा मार्ग म्हणून दोघांकडून ४००-४०० मेगावॅट घेतले, तर खाणीजवळ पुढचं युनिट ३ रुपये ६० पैशांना पडतं आणि शहराजवळ ४ रुपयांना. म्हणजे शहरातलं एक युनिट कमी करून खाणीकडून एक जास्त घेतलं की ४० पैसे वाचले. अजून एक सरकवलं की पुन्हा थोडे वाचले. पण प्रत्येक वेळी खाणीकडचा खर्च थोडा वर चढतो आणि शहराकडचा थोडा खाली येतो.

हे कुठं थांबतं? दोन्हीकडचा पुढच्या युनिटचा खर्च सारखा झाला की. इथं खाणीकडून ४५० आणि शहराकडून ३५० मेगावॅट घेतल्यावर दोन्हीकडं ३ रुपये ८० पैसे येतात. आता एक युनिट इकडून तिकडं सरकवून काहीच वाचत नाही. या समान खर्चाला इंजिनिअर लोक लॅम्डा म्हणतात. ४००-४०० च्या वाटणीपेक्षा यात तासाला १० हजार रुपये वाचतात.

एखादं केंद्र आपल्या कमाल क्षमतेला पोहोचलं, तर ते तिथंच ठेवायचं आणि बाकीच्यांचा खर्च समान करायचा. कमाल मर्यादेला अडकलेल्या अशा केंद्राचा वाढीव खर्च लॅम्डापेक्षा कमीच राहतो, पण त्याच्याकडून जास्त वीज मिळत नाही, म्हणून इलाज नसतो.

पण तारेत वीज गळते

वरच्या हिशोबात एक गोष्ट सुटली आहे. खाणीजवळून निघालेली सगळी वीज शहरात पोहोचत नाही. तारेतून करंट गेला की तार तापते आणि काही वीज उष्णता होऊन जाते. ही गळती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे करंट दुप्पट झाला तर गळती चौपट.

समजा, आपल्या लाईनवर १०० मेगावॅट पाठवले तर १ मेगावॅट गळतो. मग ४५० मेगावॅट पाठवले तर गळती होते २०.२५ मेगावॅट, म्हणजे साडेचार टक्के. शहराजवळच्या केंद्राची गळती शून्य धरू.

इथंच बहुतेकांचा हिशोब चुकतो. साडेचार टक्के ही झाली सरासरी. पण आपल्याला बघायचंय पुढचं युनिट. गळती वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळं शेवटच्या युनिटमागची गळती सरासरीच्या दुप्पट असते, म्हणजे ९ टक्के. खाणीकडून १०० युनिट जास्त काढले, तर शहराला त्यातले ९१ च मिळतात.

म्हणजे खाणीजवळ ३ रुपये ८० पैशांना पडणारं युनिट शहराच्या दारात पोहोचेपर्यंत ३.८० भागिले ०.९१, म्हणजे जवळपास ४ रुपये १८ पैशांचं झालेलं असतं. ज्या आकड्यानं खर्च असा फुगतो, तो म्हणजे पेनल्टी फॅक्टर. इथं तो १ भागिले ०.९१, म्हणजे साधारण १.१०.

नवीन वाटणी कशी होते?

नियम तोच राहतो, फक्त तुलना शहराच्या दारात करायची. प्रत्येक केंद्राचा वाढीव खर्च गुणिले त्याचा पेनल्टी फॅक्टर, हे सगळीकडं सारखं आलं पाहिजे. शिवाय मागणीसोबत गळतीही भरून काढावी लागते.

पेच असा की गळती वाटणीवर अवलंबून आणि वाटणी गळतीवर. म्हणून एक अंदाज घ्यायचा, गळती काढायची, वाटणी सुधारायची आणि आकडे स्थिर होईपर्यंत हे परत परत करायचं.

आपल्या उदाहरणात आकडे स्थिरावतात ते खाणीकडून ४१७ आणि शहराकडून जवळपास ४०० मेगावॅटवर. बेरीज ८१७, त्यातले १७ तारेत जातात. खाणीजवळ वाढीव खर्च आहे ३ रुपये ६७ पैसे आणि पेनल्टी फॅक्टर १.०९. गुणाकार येतो ४ रुपये. शहराकडचा वाढीव खर्चही ४ रुपयेच.

गळतीकडं दुर्लक्ष करून खाणीकडून ४५० च घेत राहिलो असतो तर? २० मेगावॅटची गळती धरून शहराकडून ३७० घ्यावे लागले असते आणि तासाला सुमारे ४,४०० रुपये जास्त गेले असते. दिवसभर हीच स्थिती राहिली तर एक लाखाच्या वर.

पण याचा अर्थ गळती कमीत कमी ठेवायची असाही नाही. तसं असतं तर सगळी वीज शहरातूनच घेतली असती, गळती शून्य झाली असती आणि बिल मात्र वाढलं असतं. १७ मेगावॅटची गळती इथं परवडते, कारण खाणीकडचं इंधन तेवढं स्वस्त आहे.

प्रत्यक्षात काय होतं?

खऱ्या ग्रिडमध्ये तारांचं जाळं असतं. तिथं एखाद्या केंद्राचा पेनल्टी फॅक्टर १ पेक्षा कमीही येतो. भरलेल्या लाईनच्या शहराकडच्या टोकाला असलेल्या केंद्रानं वीज वाढवली की लांबून येणारा प्रवाह कमी होतो आणि एकूण गळती घटते. अशा केंद्राची वीज कागदावर दिसते त्यापेक्षा स्वस्त ठरते.

लिऑन किर्चमायर यांच्या १९५८ च्या पुस्तकानं प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत ही गळती 'बी-कोइफिशंट' नावाच्या ठराविक आकड्यांतून काढतात. पण हे आकडे ग्रिडच्या एका विशिष्ट स्थितीसाठी काढलेले असतात. एखादी लाईन बंद पडली किंवा वीज उलट्या दिशेनं वाहायला लागली की ते जुने होतात. ओळखायचं कसं? सूत्रातून आलेली गळती आणि मीटरवरची गळती यात फरक वाढत गेला, की समजायचं आकडे बदलायची वेळ झाली.

महाराष्ट्रात रोजच्या कामकाजात मेरिट ऑर्डर चालते. यात प्रत्येक केंद्राचा बदलता खर्च एकाच दरात मांडतात आणि स्वस्त केंद्रापासून वर चढत जातात. केंद्राचा दर भारानुसार बदलत नाही असं धरलं, की समान वाढीव खर्चाचा नियम याच रूपात उतरतो. मागणी जिथं पूर्ण होते, त्या शेवटच्या केंद्राचा दर म्हणजे लॅम्डा. आणि दोन केंद्रांच्या दरात चार-दोन पैशांचाच फरक असेल, तर आधी नंबर कुणाचा, हे मधल्या तारेतली गळती फिरवू शकते.