दहा फुटी हॉलमध्ये किती इंची टीव्ही?

नवा मोठा टीव्ही भिंतीवर चढला की आठवड्याभरात बऱ्याच घरांत एक तक्रार सुरू होते. ‘जुन्या टीव्हीवर मालिका कशी स्वच्छ दिसायची, यावर सगळ्यांचे चेहरे पुसट दिसतात!’ दुकानात तर चित्र लखलखीत होतं. मग कुणी म्हणतं माल खराब लागला, कुणी म्हणतं सेटिंग चुकलंय, कुणी म्हणतं एवढ्याशा हॉलला एवढा टीव्ही घ्यायलाच नको होता. बहुतेक वेळा टीव्हीत काहीच बिघडलेलं नसतं. पडद्याचा आकार, बसायचं अंतर आणि घरात येणारं चित्र या तिघांचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ खरेदीआधी घरच्या घरी, एका टेपने तपासता येतो.

सुरुवात खोक्यावरच्या आकड्यापासून करू. ५५ इंची टीव्ही म्हणजे पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलेलं माप. हल्लीचे पडदे १६ः९ या प्रमाणात असतात. त्यामुळे चित्राची उंची या तिरक्या मापाच्या साधारण निम्मी भरते. ३२ इंचीची उंची १६ इंच, ४३ची २१, ५५ची २७ आणि ६५ची ३२ इंच. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर या उंचीच्या कितीपट आहे, एवढा एकच हिशोब करायचा आहे.

उंचीचाच हिशोब का, तर चित्र आडव्या रेघांचं बनलेलं असतं. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो. त्याहून बारीक असेल तर तो आजूबाजूच्या तपशिलात मिसळून जातो. आपल्याकडच्या साध्या, म्हणजे एसडी चॅनेलच्या चित्रात ५७६ रेघा असतात. त्या एकमेकींत मिसळून चित्र गुळगुळीत दिसायला उंचीच्या सहापट लांब बसावं लागतं. फुल एचडीत १०८० रेघा, तिथे तीनपटीहून थोडं जास्त अंतर पुरतं. फोर-के मध्ये २१६० रेघा असल्यामुळे दीडपटीच्या आसपासही चालतं. ‘टीव्हीपासून लांब बस’ हा जुन्या पिढीचा धाक डब्बा टीव्हीच्या काळातला. तेव्हा सगळंच चित्र एसडी होतं, त्यामुळे त्या काळापुरता तो सल्ला बरोबरच होता.

आता एक नेहमीचा हॉल घेऊ. वन बीएचके फ्लॅट, हॉल १० फूट रुंद, १४ फूट लांब. एका लांब भिंतीला सोफा, समोरच्या लांब भिंतीला टीव्ही. म्हणजे अंतर १० फूट, असं आपण धरून चालतो आणि इथेच हिशोब चुकतो. सोफा भिंतीला अगदी चिकटत नाही, मागे दोन-तीन इंच सुटतात. मग त्याच्या पाठीची जाडी, आणि टेकून बसल्यावरही डोळे त्या पाठीच्या सात-आठ इंच पुढे. सगळं मिळून डोळे मागच्या भिंतीपासून सुमारे २ फूट पुढे येतात. समोर भिंतीवर ठोकलेल्या टीव्हीचा पडदाही भिंतीपासून ४ इंच पुढे असतो. १२० इंचांतून २४ आणि ४ वजा केले की ९२ इंच उरतात, म्हणजे ७ फूट ८ इंच. टीव्ही युनिटवर स्टँडने उभा केला तर आणखी पाच-सहा इंच कमी. म्हणून भिंत ते भिंत मोजू नका. घरातल्या कुणाला तरी नेहमीच्या जागी टेकून बसवा आणि टेप त्यांच्या डोळ्यांपासून धरा.

या ९२ इंचांना आता उंचीने भागू. ३२ इंचीला जवळपास सहापट येतं, ४३ला साडेचारपटीच्या आत, ५५ला ३.४ पट आणि ६५ला तीनपटीच्या किंचित खाली. सुरुवातीच्या तक्रारीचं उत्तर या आकड्यांत आहे. जुना ३२ इंची टीव्ही या हॉलमध्ये बरोबर सहापट अंतरावर होता, म्हणून केबलवरची एसडी मालिका त्यावर स्वच्छ दिसायची. तेच चित्र ५५ इंचांवर ताणलं की प्रत्येक रेघ पावणेदोन पट जाड होते, बसायची जागा मात्र तीच राहते. टीव्ही आतल्या आत रेघा भरून काढायचा प्रयत्न करतो, पण मुळात नसलेला तपशील तो आणणार कुठून? दुकानात लखलखीत दिसणारं चित्र बहुधा पेन ड्राइव्हवरचं, खास टीव्ही विकण्यासाठीच बनवलेलं फोर-के चित्रण असतं.

म्हणून आकार ठरवण्याआधी घरात काय पाहिलं जातं ते नीट आठवा. सेट टॉप बॉक्सच्या पॅकमधली चॅनेलं एसडी आहेत की एचडी? फ्री डिश असेल तर बहुतेक चॅनेलं एसडीच. अशा घरात दिवसभर मालिका आणि बातम्याच चालत असतील, तर या ७ फूट ८ इंचांना ४३ इंची टीव्ही शोभतो. चॅनेलं एचडी असतील, किंवा क्रिकेट, सिनेमे आणि वेबमालिका इंटरनेटवरून येत असतील, तर ५५ बेलाशक घ्या. दोन्ही मिसळून चालत असेल, तर ५० इंची हा मधला रस्ता आहे. ५५ घेऊन रोजची चार-पाच चॅनेलं तेवढी एचडीत करून घेणं हाही एक मार्ग आहे, आणि त्याचा महिन्याचा खर्च टीव्हीच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

वरची मर्यादा रेघांमुळे येत नाही, नजरेच्या आवाक्यामुळे येते. सिनेमाच्या तंत्रज्ञांच्या एका जुन्या मापानुसार पडद्याची रुंदी डोळ्यांसमोरचे साधारण ३० अंश व्यापत असेल तर चित्र भरल्यासारखं वाटतं. आपल्या हॉलमध्ये ५५ इंची पडदा २९ अंश व्यापतो, ४३ इंची २३ आणि ६५ इंची ३४. चाळिशीच्या अंशांकडे गेलं की सिनेमागृहात पुढच्या रांगांत बसल्यासारखं होतं. सिनेमाला ते मजेदार, पण रोजच्या बातम्यांना खालची पट्टी वाचताना नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहावी लागते. म्हणून या हॉलला ६५ चालणार नाही असं नाही, पण तो सिनेमे आणि सामने पाहणाऱ्यांनीच घ्यावा.

फोर-केचंही इथेच बघून घेऊ. ९२ इंचांवरून फुल एचडीचे ठिपके वेगळे दिसायला सुमारे ५९ इंची पडदा लागतो. म्हणजे ४३ इंचीत फुल एचडी आणि फोर-के या दोन टीव्हींमधला बारकाईचा फरक सोफ्यावरून बहुतेकांना कळणारच नाही. फार तीक्ष्ण नजरेच्या माणसाला थोडा कळेल. त्या आकारात फक्त फोर-के म्हणून जादा पैसे मोजण्यापेक्षा पॅनेलचा दर्जा पाहावा. ५५ आणि वरचे टीव्ही बहुतेक फोर-केच येतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न उरत नाही.

हाच हॉल आडवा न वापरता लांबीत वापरला, तर उत्तर बदलतं. टीव्ही १० फुटी भिंतीवर आणि सोफा समोरच्या टोकाला ठेवला की वजाबाकी करूनही अंतर ११ फूट ८ इंच उरतं. तिथून ५५ इंची टीव्ही पाचपटीहून लांब पडतो आणि ४३वरची पट्टी वाचायला डोळे बारीक करावे लागतात. अशा मांडणीत ५५पासून सुरुवात करावी. मात्र फ्लॅटमध्ये आखूड भिंतींपैकी एकीला बहुधा खिडकी किंवा बाल्कनीचं दार असतं. ते टीव्हीच्या समोर आलं की दुपारी पडद्यात आपलाच हॉल दिसतो, आणि टीव्हीच्या मागे आलं की उजेड डोळ्यांवर येतो. म्हणूनच बहुतेक घरांत टीव्ही लांब भिंतीवर जातो आणि ते ठीकच आहे.

आकडा ठरला की भिंतीवर तपासून पाहा. ५५ इंचीसाठी ४८ बाय २७ इंच वर्तमानपत्रं जोडून, मास्किंग टेपने टीव्हीच्या जागी चिकटवा आणि दोन-तीन दिवस राहू द्या. दाराची झडप कागदावर येते का, बटणांचा बोर्ड झाकला जातो का, शोकेससाठी जागा उरते का, हे सगळं त्यात कळतं. टीव्ही युनिटवर ठेवणार असाल तर आणखी एक माप घ्या. हल्ली मधला एक स्टँड न देता बऱ्याच टीव्हींना दोन टोकांना दोन पाय देतात. मोठ्या टीव्हीचे पाय तीन फुटी युनिटच्या बाहेर लोंबू शकतात. पायांमधलं अंतर माहितीपत्रकात दिलेलं असतं.

दुकानात गेल्यावर फरशा मोजा. शोरूममध्ये बहुधा २ फुटी टाइल असते, म्हणजे आपल्या हॉलच्या अंतरासाठी चार टाइलांना थोडं कमी. तिथे उभं राहून पाहा. शेजारी ७५ इंची लावलेला असला की ५० इंची खेळण्यासारखा वाटतो, त्या वाटण्याला भुलू नका. विक्रेत्याला साधं एसडी चॅनेल लावायला सांगा. मग तीन-चार पावलं बाजूला सरका. छोट्या हॉलमध्ये कुणीतरी हमखास कडेच्या खुर्चीत किंवा दिवाणावर तिरकं बसतं. काही पॅनेलांवर तिथून रंग फिके पडतात आणि काळा भाग राखाडी दिसतो. असा टीव्ही कितीही योग्य आकाराचा असला, तरी कडेला बसणाऱ्याला तो फिकाच दिसणार.

लहान मुलं सतरंजीवरून सरकत पडद्यापाशी जातात, त्याची अनेकांना धास्ती असते. जवळ बसल्याने डोळे कायमचे बिघडत नाहीत, पण थकतात. मूल रोजच पुढे सरकत असेल, तर टीव्ही लहान करण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या. लांबचं नीट दिसत नसल्याचं ते लक्षण असू शकतं.

शेवटचं माप उंचीचं, आणि ते सर्वांत जास्त चुकतं, कारण टीव्ही बसवायला आलेला माणूस उभा असतो. तो आपल्या नजरेसमोर खुणा करतो आणि खालची कड जमिनीपासून चार फुटांवर जाते. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे मात्र ४० इंचांच्या आसपास असतात. चार फुटांवर कड असलेल्या ५५ इंचीचा वरचा काठ पाहायला नजर २० अंशांहून जास्त वर करावी लागते आणि तासाभरात मान अवघडते. वरचा काठ १५ अंशांच्या आत राहावा, यासाठी या हॉलमध्ये खालची कड ३ फुटांच्या वर जाऊ देऊ नका. सव्वादोन फुटांवर असेल तर चित्राचा मध्य थेट नजरेसमोर येतो. घरात गादीवर बसून टीव्ही पाहणारे जास्त असतील, तर आणखी खाली घ्या. ड्रिल सुरू होण्याआधी स्वतः सोफ्यावर बसा, दुसऱ्याला भिंतीशी पेन्सिल घेऊन उभं करा आणि तुमच्या डोळ्यांच्या रेषेत खूण करायला सांगा. ब्रॅकेटची भोकं त्या खुणेवरून मोजून घ्यायची.