चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीची चार विधाने

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सरावात घटनादुरुस्तीवरचा प्रश्न बहुतेक वेळा अशा रूपात समोर येतो: ‘44व्या घटनादुरुस्तीसंदर्भात खालील विधाने विचारात घ्या. (अ) राष्ट्रीय आणीबाणीच्या कारणांमधील “अंतर्गत अशांतता” या शब्दांऐवजी “सशस्त्र बंड” हे शब्द घालण्यात आले. (ब) मंत्रिपरिषदेचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक असल्याचे या दुरुस्तीने प्रथमच घटनेत नमूद केले. (क) या दुरुस्तीनंतर अनुच्छेद 20 आणि 21 मधील हक्कांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येत नाही. (ड) 42व्या दुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलेला शिक्षण हा विषय या दुरुस्तीने पुन्हा राज्यसूचीत आणला. वरीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत?’

दुरुस्ती क्रमांक 44, वर्ष 1978, मालमत्तेचा हक्क वगळला, एवढी ओळ पाठ असलेल्या उमेदवाराला या चार विधानांपैकी एकाचेही उत्तर त्या ओळीतून मिळत नाही. वर चुकीच्या उत्तराला प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण वजा होतात. अभ्यासिकांमध्ये क्रमांक, वर्ष आणि ‘ठळक तरतुदी’ अशा तीन रकान्यांचे तक्ते घोकले जातात. विधानात्मक प्रश्न नेमका त्या रकान्यांच्या पलीकडचे विचारतो. एखाद्या अनुच्छेदात आधी काय होते, कोणी काय बदलले, नंतर त्यातले काय फिरले आणि आज काय शिल्लक आहे, हा सगळा प्रवास माहीत असेल तरच विधान खरे की खोटे हे ठरवता येते.

वरच्या प्रश्नात अ आणि क बरोबर आहेत. पण उत्तरापेक्षा महत्त्वाची आहेत ती त्यामागची कारणे.

विधान अ घ्या. 25 जून 1975 रोजी आणीबाणी जाहीर झाली ती ‘अंतर्गत अशांतता’ या कारणाखाली. हे शब्द इतके सैल होते की मोर्चे, संप, आंदोलने काहीही त्यात बसवता आले असते. पंतप्रधानांनी राष्ट्रपतींना शिफारस केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकही झालेली नव्हती. मंत्र्यांची संमती दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. जनता सरकारने 44वी दुरुस्ती आणली ती या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून. कारण बदलून ‘सशस्त्र बंड’ केले आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींना उद्घोषणा करता येणार नाही, अशी अट अनुच्छेद 352 मध्ये घातली. त्याच अनुच्छेदात संसदेच्या मान्यतेची मुदत दोन महिन्यांवरून एक महिन्यावर आली आणि ही मान्यता विशेष बहुमताने मिळवावी लागेल असे ठरले.

आता हीच माहिती प्रश्नकर्ता कशी वाकवतो ते पाहावे. ‘आणीबाणीच्या उद्घोषणेला आणि ती रद्द करण्याच्या ठरावाला, दोन्हींना संसदेच्या दोन्ही सभागृहांचे विशेष बहुमत लागते.’ वाक्य वाचायला गुळगुळीत आहे आणि त्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्ध साफ चूक. आणीबाणी नामंजूर करण्याचा ठराव एकट्या लोकसभेने साध्या बहुमताने केला तरी पुरतो. त्यासाठी लोकसभेच्या एकूण सदस्यांपैकी किमान एक दशांश सदस्यांनी लेखी सूचना दिली की 14 दिवसांच्या आत विशेष बैठक बोलवावी लागते. यामागचा हेतू समजला की घोळ होत नाही: आणीबाणी लावणे अवघड आणि उठवणे सोपे व्हावे, म्हणून दोन्ही दारांची उंची मुद्दाम वेगळी ठेवली आहे.

विधान ब मध्ये दोन दुरुस्त्यांची कामे एकमेकांत मिसळली आहेत, आणि सराव करणारे सर्वांत जास्त इथेच फसतात. राष्ट्रपती मंत्रिपरिषदेच्या सल्ल्यानुसारच वागतील, हे अनुच्छेद 74 मध्ये लिहिले ते 1976 च्या 42व्या दुरुस्तीने. 44व्या दुरुस्तीने ते बंधन काढले नाही. राष्ट्रपती सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, मात्र फेरविचारानंतर आलेला सल्ला त्यांना मानावाच लागेल, एवढी भर तिने घातली. त्यामुळे ‘प्रथमच’ हा एक शब्द विधान खोटे ठरवतो. ‘प्रथमच’च्या जागी ‘फेरविचाराची तरतूद’ असे शब्द आले असते तर तेच विधान खरे झाले असते. सरावात प्रत्येक विधानाखाली असा एक शब्द पेन्सिलने अधोरेखित करावा, ज्याच्यावर त्या विधानाचे खरे-खोटेपण टेकलेले आहे. ‘फक्त’, ‘सर्व’, ‘प्रथमच’, ‘पुन्हा’, ‘रद्द केले’ हे त्यातले नेहमीचे.

विधान क बरोबर आहे आणि त्याचे मूळ एका निकालात आहे. 1976 मधील एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असे ठरवले की, आणीबाणीत अनुच्छेद 21 स्थगित असताना बेकायदा अटकेविरुद्धही न्यायालयात दाद मागता येत नाही. असे पुन्हा घडू नये म्हणून अनुच्छेद 359 मध्येच 20 आणि 21 यांना वगळण्यात आले. पण यात ‘19’ हा आकडा घुसवून ‘अनुच्छेद 19, 20 आणि 21’ असे केले की विधान चुकते. 19 ची गोष्ट वेगळी, ती 358 मध्ये आहे: युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या कारणावरून आणीबाणी असेल तर तो अनुच्छेद आपोआप स्थगित होतो, सशस्त्र बंडाच्या आणीबाणीत मात्र तसा आपोआप होत नाही. ही मर्यादाही 44व्या दुरुस्तीचीच देणगी.

राहिले विधान ड. शिक्षण, वने, वजन-मापे, वन्य प्राणी व पक्ष्यांचे संरक्षण आणि कनिष्ठ न्यायालयांशी संबंधित न्यायदान असे पाच विषय 42व्या दुरुस्तीने राज्यसूचीतून समवर्ती सूचीत नेले आणि ते आजही तिथेच आहेत. ‘44व्या दुरुस्तीने 42वी उलटवली’ हे वर्गात सर्रास ऐकू येणारे वाक्य इथे घात करते. उद्देशिकेतले ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द राहिले, मूलभूत कर्तव्ये राहिली, हे पाच विषयही राहिले. लोकसभेचा सहा वर्षांचा कालावधी मात्र पुन्हा पाच वर्षे झाला.

जे फिरले तेही सगळे 44व्या दुरुस्तीने फिरवले असे नाही. न्यायालयांच्या अधिकारांवरची काही बंधने 1977 च्या 43व्या दुरुस्तीने काढली. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला कसलीच मर्यादा नाही आणि अशा दुरुस्तीला न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे सांगणारे अनुच्छेद 368 चे खंड 4 आणि 5 सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात घटनाबाह्य ठरवले. हे खंड घटनेच्या छापील प्रतीत अजून दिसतात, न्यायालयाने ते अवैध ठरवल्याची टीप खाली असते. म्हणून ‘368 चे खंड 4 आणि 5 44व्या दुरुस्तीने वगळले’ हे विधान चूक, जरी ते खंड आज निरुपयोगी असले तरी. संसदेने काढले की न्यायालयाने पाडले, हा फरक अभ्यासाच्या वहीत वेगळा लिहावा लागतो.

आणि एक तिसरी जातही आहे: संसदेने केलेला, न्यायालयाने न पाडलेला, तरीही लागू नसलेला बदल. प्रतिबंधक स्थानबद्धतेत सल्लागार मंडळाच्या मताशिवाय एखाद्याला किती काळ डांबता येते, याची मर्यादा अनुच्छेद 22 मध्ये तीन महिने आहे. 44व्या दुरुस्तीने ती दोन महिन्यांवर आणण्याची तरतूद केली. पण दुरुस्तीचे ते कलम कधी अंमलातच आणले गेले नाही, त्यामुळे आजही मर्यादा तीन महिनेच आहे. ‘44व्या दुरुस्तीत ही मुदत कमी करण्याची तरतूद होती’ हे खरे, आणि ‘सध्या ही मुदत दोन महिने आहे’ हे खोटे. नागरिकाच्या स्वातंत्र्याशी थेट जोडलेली तरतूद इतकी वर्षे कागदावरच राहावी, ही गोष्ट परीक्षेपलीकडेही खुपणारी आहे.

तारखांचा गुंताही इथूनच उलगडतो. दुरुस्तीच्या नावातले वर्ष 1978; राष्ट्रपतींची संमती मिळाली 30 एप्रिल 1979 रोजी; आणि बहुतांश तरतुदी लागू झाल्या 20 जून 1979 पासून. शिवाय संसदेत मांडलेले विधेयक 45व्या दुरुस्तीचे होते, अधिनियम झाला तेव्हा क्रमांक 44 पडला. लोकसभा आणि विधानसभांतील महिला आरक्षणाच्या बाबतीतही 128वे विधेयक 106वा दुरुस्ती अधिनियम बनले. ‘संमत झाली’, ‘संमती मिळाली’ आणि ‘अंमलात आली’ यांतले कोणते क्रियापद विधानात आहे हे न पाहता वर्ष जुळवणारा उमेदवार हातचा गुण घालवतो.

सरावासाठी सर्वांत चांगला कच्चा माल घटनेच्या अधिकृत प्रतीतल्या तळटीपांमध्ये आहे. तिथे अनुच्छेदाच्या शब्दाशेजारी छोटा आकडा असतो आणि खाली कोणत्या दुरुस्तीच्या कोणत्या कलमाने काय बदलले आणि ते कधीपासून लागू झाले, हे एका ओळीत दिलेले असते. त्या ओळीवरून स्वतःच दोन विधाने बनवावीत, एक खरे आणि एक फक्त एका शब्दाने खोटे. उदाहरणार्थ मालमत्तेचा हक्क: ‘44व्या दुरुस्तीने तो मूलभूत हक्कांमधून वगळला’ आणि ‘44व्या दुरुस्तीने तो राज्यघटनेतून वगळला’. दुसरे खोटे, कारण तो अनुच्छेद 300अ मध्ये कायदेशीर हक्क म्हणून आहे. खोटे विधान बनवायला बसले की आपल्याला नेमके काय धूसर आठवते तेही उघडे पडते. तयार प्रश्नसंचात ही गोष्ट घडत नाही, कारण तिथे पर्यायच अर्धी मदत करतात: एक विधान खात्रीने चूक असले तर ते असलेले पर्याय बाद होतात आणि उत्तर हाती येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाने ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत’ असे विचारायला सुरुवात केल्यापासून ही पळवाट बरीच बंद झाली आहे. ‘फक्त दोन’ हे उत्तर देण्यासाठी प्रत्येक विधानाचा निकाल वेगवेगळा लावावा लागतो.

महाराष्ट्रातल्या उमेदवाराने हीच पद्धत 102व्या आणि 105व्या दुरुस्तीला लावून पाहावी. 2018 च्या 102व्या दुरुस्तीने राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला आणि अनुच्छेद 342अ घातला. मराठा आरक्षणाच्या खटल्यात 5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने असा अर्थ लावला की, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग निश्चित करण्याचा राज्यांचा अधिकार या दुरुस्तीनंतर उरला नाही. त्याच वर्षी 105वी दुरुस्ती आली आणि राज्यांना आपली स्वतंत्र यादी करण्याचा अधिकार परत मिळाला. यावर विधान येऊ शकते: ‘105व्या दुरुस्तीने मागासवर्ग आयोगाचा घटनात्मक दर्जा काढून राज्यांना यादीचा अधिकार दिला.’ अर्धे खरे आहे. आयोगाचा दर्जा अनुच्छेद 338ब मध्ये जसाच्या तसा आहे. बदल झाला तो कोणी कोणती यादी करायची एवढ्यापुरता, म्हणून विधान चूक.