लोगोच्या आधी नावाची झडती

समजा, तुम्ही घरगुती मसाला बाजारात आणताय आणि नाव ठरलंय ‘तिखटजाळ’. लोगो, पाकीट, बरण्यांवरची लेबलं यांवर पैसे ओतण्याआधी या नावाची झडती घ्यायला हवी.

पहिली अडचण नावातच आहे. ‘तिखट’ हा मालाचा गुण सांगणारा शब्द. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार असे वर्णनात्मक शब्द एकट्याच्या मालकीचे सहसा होत नाहीत. म्हणजे नावाचं वेगळेपण ‘जाळ’वरच उभं आहे.

मग ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत शोध घ्यायचा. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले वर्ग ३० मध्ये येतात, लोणची मात्र २९ मध्ये. पुढे लोणचीही विकायची असतील, तर दोन्ही वर्ग पाहा. मराठी नावांची खरी गोची रोमन लिपीत होते. ‘ळ’ला तिथे अक्षर नाही, ‘ज’चे उच्चार दोन. म्हणून Tikhatjal, Teekhatjaal, Tikhatzal असे सगळे पर्याय टाकून पाहावे लागतात. शिवाय Contains निवडून नुसतं Jaal, Jal, Zal शोधावं आणि Phonetic शोधही करावा.

हुबेहूब नाव सापडलं नाही म्हणून निर्धास्त होणं मला धोक्याचं वाटतं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांच्या नावांचा वाद आला होता. सामान्य ग्राहक शब्द फोडून अर्थ लावत नाही, अंधुक आठवणीवर माल मागतो. म्हणून ही नावं फसगत होण्याइतकी सारखी आहेत, असं न्यायालयाने मानलं. ‘लक्ष्मणधारा’ अनेक वर्षं वापरात होती आणि ‘अमृतधारा’वाल्यांनी ते चालू दिलं होतं, म्हणून तिला नोंदणी मिळाली, पण फक्त उत्तर प्रदेशापुरती. तेव्हा मसाल्यात ‘झणझणीतजाळ’ आधीच असेल, तर ‘तिखटजाळ’ सोडून देणंच शहाणपणाचं.

शोधात Objected किंवा Opposed दिसलं, तर तो अर्ज मेलेला नाही, वाद चालू आहे. Abandoned दिसलं तरी त्या नावाचा माल दुकानात विकला जात असू शकतो. आपल्याकडे आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीपेक्षाही वरचढ ठरतो (कलम ३४), आणि असा माणूस नोंदवहीत सापडेलच असं नाही. त्यामुळे किराणा दुकानं, मसाल्याच्या पेठा, ऑनलाइन बाजार, इन्स्टाग्राम हे सगळं धुंडाळावं. कंपनीचं नाव किंवा डोमेन मिळालं म्हणजे ब्रँडचा हक्क मिळाला, असं होत नाही.

नाव यातून तरलं, तर ट्रेडमार्क वकिलाला एकदा दाखवून फक्त शब्दासाठी अर्ज करावा. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. या अर्जाला लोगो लागतच नाही.