इलेक्ट्रिशियनचा आठवड्याचा एक प्रश्न

इलेक्ट्रिशियनला फोनवर तेच ते प्रश्न येतात. त्यांतून दर आठवड्याला एकाचे लेखी उत्तर ग्राहकांच्या व्हॉट्सॲप यादीवर द्यायचे, तर सुरुवात वहीपासून करावी. फोन आला की प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत टिपावा. ‘आरसीसीबी ट्रिप होतो’ असे कोणी विचारत नाही. ‘गीझर लावला की मेन पडतो’ असे विचारतात. शीर्षकही तेच ठेवावे, कारण वाचणाऱ्याला त्यात आपली अडचण ओळखू येते. महिन्याभरात तीन-चारदा आलेला प्रश्न आधी घ्यावा, पण ऋतू बघून: गीझरचा थंडीच्या तोंडावर, ओल आलेल्या भिंतींचा पावसाळ्याआधी.

हाच प्रश्न घेऊ. पहिल्याच वाक्यात उत्तर हवे: गीझरमधून वीज गळत असण्याची शक्यता जास्त आहे, तो बंद ठेवा. मग कारण. क्षारांचा थर बसून एलिमेंटचे आवरण तडकते, पाणी आत शिरते आणि थोडी वीज अर्थिंगकडे वाहू लागते. घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडतो. त्यामुळे तो पडणे हा बिघाड नसून इशारा आहे.

यानंतर ग्राहकाला स्वतः करता येईल तेवढेच सांगावे. हात आणि जागा कोरडी असताना सगळे एमसीबी खाली करावेत, आरसीसीबी वर करावा, मग एकेक एमसीबी वर करत जावे. ज्याने मेन पडतो, दोष त्या लाइनवर. सगळे एमसीबी खाली असूनही आरसीसीबी वर राहत नसेल, तर न्यूट्रल कुठेतरी अर्थिंगला लागलेला असू शकतो, कारण साधा एकेरी एमसीबी फक्त फेज तोडतो. तिथे ग्राहकाने थांबावे. बोर्ड उघडण्याची कृती अशा उत्तरात कधीही लिहू नये.

अशा उत्तरांत सर्वांत घातक चूक अर्धवट सल्ल्याची असते. ‘एमसीबी सारखा पडतो, मोठा लावू का?’ याला नुसते ‘चालेल’ म्हटले, तर १६ अँपिअरच्या जागी ३२ चा बसतो, वायर मात्र जुनीच राहते. मग एमसीबी पडण्याआधी वायर तापते. उत्तरात वायरीची जाडी आली नाही, तर ते उत्तर पाठवूच नये.

मालिका उपयोगी पडते आहे का, हे फोनवरूनच कळते. ‘लाइट गेली’ याऐवजी ‘गीझरचा एमसीबी वर केला की मेन पडतो’ असे सांगणारा फोन आला, तर कारागीर नवे एलिमेंट आणि गॅस्केट सोबत घेऊन निघतो आणि दुसरी फेरी बहुधा वाचते. उत्तर वाचूनही तोच प्रश्न पुन्हा येत असेल, तर ते उत्तर नव्याने लिहावे.