उशिराच्या परताव्याची विलंबमाफी

परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची आयकराशी गाठ बहुधा एकदाच पडते, आणि तीही जमीन गेल्यावर. जायकवाडीचा कालवा असो वा सेलूजवळचा निम्न दुधना प्रकल्प असो, वाढीव मोबदल्याचा दावा वर्षानुवर्षे चालतो आणि शेवटी व्याजासह रक्कम हाती येते. त्या व्याजातून दहा टक्के कर मुळातच कापलेला असतो. कापलेला कर देय करापेक्षा जास्त असला तर तो परत मिळतो. मात्र त्यासाठी विवरणपत्र मुदतीत भरावे लागते. मुदत टळली तर काय, एवढाच प्रश्न आम्ही आज घेतला आहे.

एक कल्पित उदाहरण धरू. एका खातेदारास जानेवारी २०२२ मध्ये १२ लाख रुपये व्याज मिळाले व १,२०,००० रुपये कापले गेले. असे व्याज करपात्र आहे काय, याविषयी न्यायालयांत मतभेद आहेत. आपण ते करपात्र धरूनच चालू. अशा व्याजाची निम्मी रक्कम कायद्याने वजा होते. उरलेल्या ६ लाखांवर, दुसरे उत्पन्न नसल्यास, उपकरासह ३३,८०० रुपये कर होतो. म्हणजे ८६,२०० रुपये जास्त कापले गेले. विलंबशुल्काचे ५,००० रुपये वगळले तरी ८१,२०० उरतात. पण उशिराचे विवरणपत्र भरण्याची मुदतही ३१ डिसेंबर २०२२ ला संपली. पुष्कळांना वाटते की आता 'अद्ययावत विवरणपत्र' भरले की झाले. तसे नाही, ती वाट जादा कर भरण्याची आहे, त्या वाटेने परतावा मिळत नाही.

येथे १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ११९(२)(ब) उपयोगी पडते. खरीखुरी अडचण असेल तर मुदतीनंतरचाही दावा स्वीकारण्याचा अधिकार त्यात आहे. (नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, आधीच्या वर्षांना जुनाच लागू.) १ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार एका वर्षाचा दावा एक कोटीपर्यंत असल्यास निर्णय प्रधान आयुक्त वा आयुक्त देतात. अर्ज आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत हवा. आपल्या खातेदाराचे आकारणी वर्ष २०२२-२३, म्हणून त्याची सीमा ३१ मार्च २०२८. त्यापुढे कारण कितीही खरे असले तरी उपयोग नाही.

आता कारणाविषयी, कारण बहुतेक अर्ज येथेच लंगडे पडतात. "आजारी होतो" किंवा "कायदा ठाऊक नव्हता" एवढे लिहून भागत नाही. कारणाने मुदतीच्या दिवसापासून अर्जाच्या दिवसापर्यंतचा सारा काळ झाकला पाहिजे. समजा, खातेदार जून २०२२ मध्ये अर्धांगाने अंथरुणाला खिळला आणि २०२३ च्या अखेरीस हिंडूफिरू लागला. मग पुढचा काळ कोठे गेला? तो असा सांगावा: कपातीचे प्रमाणपत्र घरी आलेच नव्हते, २०२५ मध्ये बँकेत कर्जासाठी गेल्यावर २६एएस या नोंदपत्रकात कपात दिसली, नंतर कचेरीकडून प्रमाणपत्र मागवले. रुग्णालयाचे कागद, प्रमाणपत्र मागितल्याच्या पत्राची पोच आणि बँकेचे पत्र तारखांसह जोडले की अधिकाऱ्याला वाचायला काही मिळते. कारण साधे असले तरी चालते; खोटे मात्र कागदांच्या तारखांतच उघडे पडते. उशीर करून दावेदाराला सहसा काही लाभ होत नसतो, म्हणून अशा बाबतीत फार काटेकोर होऊ नये, ही सर्वोच्च न्यायालयाची १९८७ मधील दृष्टी आहे.

दुसरा खोडा आमच्याकडे फार आढळतो. जमीन तीन भावांची आणि कपात मात्र थोरल्याच्या पॅनवर! परिपत्रकाची अट अशी की ते उत्पन्न दुसऱ्या कोणाचे असता कामा नये. थोरल्याने सगळा परतावा आपल्या नावे मागितला तर अर्ज तेथेच अडतो. म्हणून आधी कपात करणाऱ्या कचेरीकडून नोंद दुरुस्त करून, ज्याच्या त्याच्या वाट्याची कपात ज्याच्या त्याच्या पॅनवर आणावी.

अर्ज संकेतस्थळावर Services मधील Condonation Request येथे करता येतो. परिपत्रकानुसार तो मिळालेला महिना संपल्यापासून शक्यतो सहा महिन्यांत निकालात निघावा. माफीचा आदेश हाती आला म्हणजे पैसे आले असे नव्हे. आदेशाचा क्रमांक व तारीख घालून त्याच कलमाखाली विवरणपत्र भरावे लागते, तीस दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते, आणि दाव्याची रक्कम खाते तपासून पाहतेच. उशिराच्या या परताव्यावर व्याज मिळत नाही.