वरचा नफा, खालचा नफा

मार्चअखेरचे हिशेब बंद होऊन सीएकडून नफा-तोटा पत्रक हाती आलं की बहुतेक दुकानदारांची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. निव्वळ नफा किती? गेल्या वर्षीपेक्षा जास्त असेल तर कागद फायलीत जातो. कमी असेल तर ‘खर्च फार वाढले’ असं म्हणून विजेच्या बिलावर नाही तर एखाद्या नोकराच्या पगारावर बोट ठेवलं जातं. पण नेमकं कुठे बिघडलं हे त्या एका ओळीवरून कळत नाही. त्यासाठी त्याच पत्रकात बरीच वर असलेली ढोबळ नफ्याची ओळ सोबत घ्यावी लागते आणि दोन्ही नफे विक्रीच्या टक्क्यांत मांडून गेल्या वर्षीच्या शेजारी ठेवावे लागतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी मी बेतले आहेत. तालुक्याच्या गावातलं फरसाणाचं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे भट्टी, आणि आसपासच्या गावांतल्या किराणा दुकानांना घाऊक माल जातो. २०२३-२४ मध्ये विक्री ८० लाख होती, २०२४-२५ मध्ये ती ९६ लाख झाली. निव्वळ नफा मात्र ८ लाखांवरून ४ लाख ८० हजारांवर आला. विक्री २० टक्क्यांनी वाढली आणि नफा ४० टक्क्यांनी घटला.

मालकीच्या किंवा भागीदारीच्या धंद्याचं पत्रक साधारणपणे दोन भागांत असतं. वरचा भाग म्हणजे व्यापारी खातं. त्यात जीएसटी वगळून विक्री असते आणि तिच्यासमोर माल तयार करायला लागलेला खर्च. वर्षाच्या सुरुवातीचा साठा, त्यात वर्षभराची खरेदी, भट्टीवरच्या कारागिरांची मजुरी आणि गॅस मिळवायचा, आणि ३१ मार्चला शिल्लक राहिलेला साठा वजा करायचा. आपल्या दुकानात २०२४-२५ चा हा हिशेब असा: साठा ३.६ लाख, खरेदी ६१.६, मजुरी ८, गॅस २.६, आणि त्यातून अखेरचा साठा ३.८ वजा. एकूण ७२ लाख. ९६ मधून ७२ गेले की उरतात २४ लाख. हा ढोबळ नफा, सीएंच्या बोलण्यातला ‘जीपी’. त्यानंतर खालच्या भागात दुकानाचं भाडं, काउंटरवरच्या माणसांचे पगार, माल पोचवण्याचा खर्च, कमिशन, व्याज, घसारा वगैरे १९.२ लाख वजा होतात आणि ४.८ लाख निव्वळ नफा राहतो.

आदल्या वर्षीही ढोबळ नफा २४ लाखच होता. म्हणजे १६ लाखांचा जादा माल तळला, भरला, पोचवला आणि त्यातून ढोबळ नफ्यात एक रुपयाही वाढला नाही. टक्क्यांत पाहिलं तर ढोबळ नफा ३० वरून २५ वर आला आणि निव्वळ नफा १० वरून ५ वर. दोघांतलं अंतर दोन्ही वर्षी २० टक्केच आहे. हे अंतर म्हणजे खालच्या भागातले सगळे खर्च. अंतर वाढलं असतं तर दोष भाडं, पगार, व्याज यांत शोधायचा होता. ते तेवढंच राहिलं आणि दोन्ही आकडे एकत्र घसरले, याचा अर्थ नुकसान वरच्या भागात, माल तयार करून विकण्याच्या टप्प्यावरच झालं आहे. अशा वेळी काउंटरवरचा एक माणूस कमी करणं हा चुकीच्या जागी केलेला उपाय ठरतो.

मात्र या टक्क्यांवर विसंबण्याआधी पत्रकातल्या दोन गोष्टी तपासायला हव्यात. पहिली अखेरच्या साठ्याची. ३१ मार्चला माल प्रत्यक्ष मोजून, खरेदीच्या किंवा उत्पादनखर्चाच्या भावाने (आणि विकून त्याहून कमीच मिळणार असतील तर त्या कमी भावाने) साठा धरायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो अंदाजाने लिहिला जातो. साठा एक लाखाने जास्त लिहिला तर ढोबळ आणि निव्वळ दोन्ही नफे एक लाखाने फुगतात, आणि तोच फुगवलेला आकडा पुढच्या वर्षी सुरुवातीचा साठा म्हणून येऊन तेवढाच नफा खातो. दुसरी गोष्ट वर्गवारीची. कारागिरांची मजुरी एका वर्षी वरच्या भागात आणि दुसऱ्या वर्षी ‘पगार’ म्हणून खालच्या भागात गेली, तर ढोबळ नफा काही टक्क्यांनी हलतो आणि निव्वळ नफा जागचा हलत नाही. असं दिसलं की धंद्यात काही घडलंय असं समजण्याआधी नोंदी पाहाव्यात. आपल्या उदाहरणात साठा मोजलेला आहे आणि वर्गवारीही बदललेली नाही.

मग पाच टक्के गेले कुठे? हे पत्रक सांगत नाही. त्यासाठी विक्रीची बिलं वेगळी काढावी लागतात. काउंटरवरची विक्री दोन्ही वर्षी ६० लाखच होती. वाढ झाली ती सगळी घाऊक विक्रीत, २० लाखांवरून ३६ लाखांवर. आणि दोन्हींचा भाव वेगळा आहे. बेसन, तेल, मसाला, पाकीट, मजुरी आणि गॅस धरून शेव किलोला १९८ रुपयांत पडत होती. काउंटरवर ती ३०० रुपयांना जायची, म्हणजे ३४ टक्के सुटायचे. घाऊक भाव २४२, तिथे सुटायचे सुमारे १८ टक्के. दुकानाच्या सगळ्या मालाचं गणित साधारण असंच होतं असं धरू. तर तेल-बेसनाचे भाव अजिबात हलले नसते तरी कमी सुटणाऱ्या विक्रीचा वाटा वाढल्यामुळे ढोबळ नफा ३० वरून २८ टक्क्यांवर आलाच असता. दोन टक्के असे गेले.

उरलेले तीन टक्के, म्हणजे २ लाख ८८ हजार रुपये, मुख्यतः तेलाने खाल्ले. केंद्र सरकारने १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं आणि शुद्ध तेलावरचं साडेबारावरून साडेबत्तीस टक्के. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. फराळाच्या ऑर्डरी ज्यांनी जुन्या दरपत्रकावर घेतल्या होत्या, त्यांना माल नव्या भावाच्या तेलात तळावा लागला. आपल्या दुकानाला १५ किलोचा डबा सरासरी ५०० रुपयांनी महाग पडला आणि दुसऱ्या सहामाहीत ४८० डबे लागले असं धरलं, तर २ लाख ४० हजार इथेच गेले. बाकीचे ४८ हजार परत आलेली पाकिटं, चुरा आणि बेसनाचा भाव यांत शोधावे लागतील.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. वार्षिक पत्रक सरासरी सांगतं. तेलाचा भार फक्त दुसऱ्या सहामाहीवर पडला, त्यामुळे वर्षाचे २५ टक्के म्हणजे प्रत्यक्षात पहिल्या सहामाहीचे सुमारे २८ आणि दुसरीचे सुमारे २२. एप्रिलमध्ये हा मालक धंदा चालवतोय तो २२ टक्क्यांवर. २५ धरून नवे भाव ठरवले तर पुढचं वर्ष आणखी वाईट जाईल.

आता घाऊक विक्रीकडे पुन्हा वळू, कारण खालच्या भागाने इथे एक गोष्ट झाकली आहे. एकूण खर्च विक्रीच्या २० टक्केच राहिला हे खरं, पण भाडं, पगार आणि वीज विक्रीच्या मानाने फार कमी वाढले होते. विक्री वाढल्यावर हे अंतर १९ टक्क्यांच्या खाली यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण माल पोचवण्याचा खर्च आणि कमिशन मिळून २.६ लाखांवरून ४.७ लाखांवर गेले. हे दोन्ही खर्च जवळजवळ पूर्णपणे घाऊक विक्रीचे. ३६ लाखांच्या घाऊक मालावर वर्षभरात सुमारे सव्वापाच लाख ढोबळ नफा झाला, त्यातून ४.७ लाख गेले की हाती उरतात ५५ हजार. आदल्या वर्षी २० लाखांच्या विक्रीवर याच हिशेबाने एक लाख उरले होते. आणि दुसऱ्या सहामाहीच्या तेलाच्या भावाने तर शंभर रुपयांच्या घाऊक मालामागे ११ रुपये सुटत होते आणि १३ रुपये पोचवण्यात व कमिशनमध्ये जात होते. शिवाय उधारीमुळे बँकेचं व्याज ४० हजारांनी वाढलं ते वेगळंच.

म्हणून घाऊक बंद करायचं का? लगेच नको. या ढोबळ नफ्यात कारागिरांची मजुरी आधीच वजा केलेली आहे, शंभर रुपयांमागे सुमारे आठ. उद्या घाऊक थांबवलं तरी भट्टीवरची माणसं महिन्याच्या पगारावर असतील तर ती मजुरी द्यावीच लागणार. तोवर घाऊक माल त्या मजुरीचा काही भाग भरून काढतोय. तेव्हा आधी भाव आणि पोचवणं सुधारायचं: घाऊक दर पाच टक्क्यांनी वाढवायचे, ठरावीक रकमेखालच्या ऑर्डरसाठी गाडी पाठवायची नाही, लांबच्या गावांचे दोन वार एकत्र करायचे. या दराला जे दुकानदार राहणार नाहीत, ते गेल्याचं फारसं नुकसान नाही.

काउंटरवर चार टक्के भाववाढ केली, ३०० ची शेव ३१२ ला दिली, तर गिऱ्हाईक तुटेल ही भीती रास्त आहे. पण ती मोजता येते. तेलाच्या नव्या भावात काउंटरवर शंभर रुपयांमागे साडेअठ्ठावीस रुपये सुटतात. भाववाढीनंतर त्याच मालावर साडेबत्तीस सुटतील. म्हणजे विकलेल्या किलोंमध्ये सुमारे १२ टक्के घट होईपर्यंत मालक आजच्यापेक्षा वाईट स्थितीत जात नाही. गिऱ्हाईक तेवढंच राहिलं तर वर्षाला २ लाख ४० हजार जास्त येतील. तेलाचा वाढलेला भाव वर्षभर टिकला तर जादा खर्च ४ लाख ८० हजारांचा आहे. घाऊक दरवाढीतून सुमारे १ लाख ८० हजार आले तर बराचसा भरून निघेल, पूर्ण नाही. पुढे ३० मे २०२५ ला कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क सरकारने १० टक्क्यांवर आणलं, पण एप्रिलमध्ये निर्णय घेणाऱ्याला त्याचा भरवसा धरता आला नसता.

निव्वळ नफ्याच्या आकड्याबद्दल एक गोष्ट राहते. मालकीच्या धंद्यात मालकाचा पगार खर्चात धरला जात नाही. ४ लाख ८० हजार म्हणजे महिन्याला ४० हजार, आणि त्यात पहाटेपासून भट्टीवर असणारा नवरा आणि रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसणारी बायको, दोघांची मेहनत आली. दोघांच्या जागी पगारी माणसं ठेवावी लागली तर काय उरेल, हा आकडा पत्रकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावा. कर्जाच्या हप्त्यातली मुद्दलही या पत्रकात खर्च म्हणून येत नाही. फक्त व्याज येतं. म्हणून नफा दिसत असूनही खात्यात पैसे नसतात.

भाव बदलल्यावर पुढच्या मार्चची वाट पाहू नये. ३० जूनला दुकान बंद झाल्यावर साठा मोजायचा, तीन महिन्यांची विक्री, खरेदी, मजुरी आणि गॅस काढायचा आणि ढोबळ नफ्याचा टक्का काढायचा. काउंटर आणि घाऊक विक्री वेगळी लिहायची. टक्का २२ वरून २५ च्या आसपास आला असेल तर भाववाढ लागू पडली. २२ वरच अडकला असेल तर नवे दर कागदावरच राहून जुन्याच दराने बिलं होत आहेत का, आणि तेल किलोमागे ठरल्यापेक्षा जास्त जातंय का, हे आधी पाहायचं.