सोयाच्या वड्या : सुक्या तोलाव्यात की भिजवलेल्या?

आपल्यापैकी बऱ्याच घरांत हल्ली सोयाच्या वड्या येतात. भारतीय दुकानातून आणलेल्या असोत किंवा इथल्या सुपरमार्केटमधल्या, नारळाच्या दुधात मटणासारख्या शिजवल्या की नातवंडंही आवडीनं खातात. दात नसलेल्यांनाही त्या चावता येतात. पण या वड्यांच्या पाकिटावर 'हेलबोनीम', म्हणजे प्रोटीन, या शब्दापुढे जो आकडा असतो, तो वाचताना पुष्कळांची गल्लत होते. आजचा लेख तेवढ्यासाठीच आहे.

माझ्या ओळखीच्या एका मावशींची गोष्ट सांगते. वय 78, वजन 55 किलो. पायांतली ताकद कमी होते आहे म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना दिवसाला साधारण 60 ग्रॅम प्रोटीन घ्यायला सांगितलं. मावशी हिशेबाच्या पक्क्या. पाकिटावर 100 ग्रॅमला 52 ग्रॅम प्रोटीन लिहिलेलं त्यांनी पाहिलं. मग रोज दुपारी भिजवून पिळलेल्या वड्या काट्यावर 100 ग्रॅम तोलून त्यांची भाजी करायच्या. "दुपारीच 52 झाले, बाकी पोळीभातातून मिळतीलच," असं म्हणून त्यांनी सकाळचं अंडं आणि रात्रीचं दही दोन्ही बंद केलं. तीन महिन्यांनी वजन दोन किलोंनी उतरलं, तेव्हा सगळ्या घराला कोडं पडलं.

पाकीट खोटं बोलत नव्हतं. पाकिटावरचा आकडा पाकिटातल्या वस्तूचा असतो, म्हणजे सुक्या, कडक वडीचा. मावशींच्या ताटात मात्र ओली वडी होती, आणि ओल्या वडीत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं.

ही वडी बनते कशी, ते समजलं की सगळं सोपं होतं. सोयाबीनमधलं तेल काढून घेतात. उरलेल्या पिठात प्रोटीन दाटून राहतं. ते पीठ ओलसर करून यंत्रातून उष्णतेनं आणि दाबानं बाहेर काढतात. बाहेर पडताना त्यातल्या पाण्याची वाफ होते, पीठ फुगतं आणि आत बारीक बारीक भोकं राहतात. मग वडी वाळवतात. म्हणूनच सुकी वडी हाताला हलकी लागते, आणि गरम पाण्यात टाकली की स्पंजासारखी पाणी पिते.

मी घरी मुद्दाम तोलून पाहिलं. 50 ग्रॅम सुक्या वड्या घेतल्या. उकळतं पाणी ओतून पंधरा मिनिटं झाकून ठेवल्या, मग गार पाण्यातून काढून तळव्यात दाबून पिळल्या. वजन भरलं 140 ग्रॅम. आता प्रोटीन किती? 50 ग्रॅम सुक्या वड्यांत 52 च्या हिशेबानं 26 ग्रॅम होतं. भिजवल्यावरही तेच 26, फक्त आता ते 140 ग्रॅममध्ये पसरलं. म्हणजे 100 ग्रॅम ओल्या वड्यांत सुमारे साडेअठरा ग्रॅम. मावशी 52 समजत होत्या, मिळत होते साडेअठरा. रोजची तूट 33 ग्रॅमहून जास्त, आणि वर अंडं आणि दही बंद!

आता कोणी विचारेल, मग पाकिटावर ओल्या वडीचाच आकडा का देत नाहीत? कारण तो आकडा स्थिर राहत नाही. त्याच 50 ग्रॅम वड्या मी एकदा नुसत्या निथळल्या, तर वजन 160 भरलं. दुसऱ्यांदा खूप जोर लावून पिळल्या, तर 120. प्रोटीन तिन्ही वेळा जवळजवळ तेवढंच, पण 100 ग्रॅमचा हिशेब केला तर एकदा सोळा येतो आणि एकदा जवळजवळ बावीस. संधिवातानं हात दुखणाऱ्या आजीची वडी आणि तरण्या सुनेनं पिळलेली वडी, यांचा आकडा एक कसा असेल?

पिळलेल्या पाण्याबरोबर प्रोटीन वाहून जातं का, हाही प्रश्न नेहमी येतो. यंत्रातल्या उष्णतेनं वडीतलं प्रोटीन घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे ते पाण्यात फार थोडं उतरतं. पाणी पिवळसर होतं आणि त्याला कच्च्या सोयाचा वास येतो. त्या पाण्यात मुख्यतः सोयातली विरघळणारी साखर जाते, जिच्यामुळे पोटात वायू धरतो. तेव्हा पाणी खुशाल टाका. फक्त पाकिटाच्या तळाशी वड्यांचा चुरा बराच असेल, तर तो बारीक गाळणीत भिजवा, नाहीतर तो पाण्याबरोबर मोरीत जातो. हात दुखत असतील, तर वड्या गाळणीत ठेवून वरून वाटीनं दाबा.

आता उलट बाजूची चूक. ती जास्त काळजीची आहे. ज्यांच्या मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी प्रोटीन मर्यादित ठेवायला सांगितलं आहे, त्यांच्याकडच्या तक्त्यात कधी कधी भिजवलेल्या वडीचा आकडा असतो, समजा 100 ग्रॅमला 18. त्यांनी 60 ग्रॅम वड्या सुक्या तोलल्या आणि हिशेब त्या 18 नं केला, तर त्यांना वाटेल आपण 11 ग्रॅम घेतलं. खरं तर पोटात जातील 31. म्हणून आकडा कुठलाही असो, आधी बघायचं की तो सुक्याचा आहे की ओल्याचा. ओळखायची खूण सोपी आहे: 100 ग्रॅमला 50 च्या आसपास असेल तर तो सुक्या वडीचा, 16 ते 22 असेल तर भिजवून पिळलेल्या वडीचा.

सर्वांत बरा मार्ग म्हणजे वड्या नेहमी सुक्या मोजाव्यात. काटा नसला तरी चालेल. 200 ग्रॅमचं पाकीट आणलं की ताटात ओता, डोळ्यांनी चार सारखे ढीग करा आणि चार छोट्या पिशव्यांत भरा. प्रत्येक पिशवी 50 ग्रॅमची, म्हणजे प्रत्येकीत सुमारे 26 ग्रॅम प्रोटीन. मग ती कितीही भिजवा, कशीही पिळा, रस्सा पातळ करा की दाट, हिशेब बदलत नाही. एका पिशवीची भाजी दोघांनी सारखी वाटून खाल्ली, तर प्रत्येकाला 13. तुमच्या पाकिटावर 52 ऐवजी दुसरा आकडा असेल, तर त्याचा निम्मा म्हणजे तुमची पिशवी.

दुकानात "चिकनपेक्षा दुप्पट प्रोटीन" असं कोणी सांगितलं, तर आता उत्तर तुमच्याकडे आहे. सुकी वडी कोणी खात नाही. ताटातली 100 ग्रॅम ओली वडी शिजवलेल्या चिकनच्या मागे आहे. त्या चिकनमध्ये साधारण 30 ग्रॅम असतं. अंड्यांच्या मात्र ती पुढे आहे, कारण 100 ग्रॅम अंड्यांत 12-13 भरतं. वडी चांगलीच आहे, फक्त पाण्याचं वजन प्रोटीनच्या खात्यात धरू नये.

मावशींनी आता पिशव्या भरून ठेवल्या आहेत. रोज एक पिशवी, ती दुपारी आणि रात्री विभागून. सकाळचं अंडं परत आलं आहे आणि दहीसुद्धा. मागच्या महिन्यात वजन उतरलं नाही.